लाप्लासचं विसर्जन

दादा इंजिनिअर झाला त्याची पार्टी आषाढातच उरकायची, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. एकदा श्रावण लागला की आमच्याकडे महिनाभर शागोतीचं नाव काढायचं नाही. गोव्यात ट्रॉलरबंदी 31 जुलैपर्यंत असल्यामुळे चांगली मासळीही बाजारात नव्हती, आणि असलीच तर परवडणारी नव्हती. त्यामुळे कोंबडीची शागोती, वडे, आजीच्या आग्रहाखातर खतखतं आणि सोलकढी असा बेत ठरला. अंगणात पत्र्याची शेड आहेच. तिच्याखाली खुर्च्या, एक भाड्याचा स्पीकर आणि माइक. माइक येणार म्हटल्यावर प्रश्न आला की त्यावर बोलणार कोण.

शेजारचे ख्रिस्ती अंकल म्हणाले, टोस्ट कर. त्यांच्या लग्नांत, वाढदिवसांत कुणीतरी उठून चार चांगले शब्द बोलतो, ग्लास वर होतात, वाजंत्री एक सूर वाजवतात. मी म्हटलं, चांगलं बोलायला काका, मामा, बाबांचे मित्र सगळेच आहेत. मी दादाचा रोस्ट करते. मामाच्या कपाळाला आठी पडली. 2014 च्या डिसेंबरात मुंबईला वरळीच्या स्टेडियममध्ये सिनेमातल्या मंडळींचा एक रोस्ट झाला होता. पुढे तो यूट्यूबवर आला आणि त्यावर पोलिसांत तक्रारी झाल्या. मामाच्या डोक्यात रोस्ट म्हणजे तेवढंच होतं, शिव्या आणि नंतरचं पोलीस ठाणं.

रोस्टची चाल रुळवली ती न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबने. 1904 साली निघालेला, नाटक आणि करमणुकीच्या धंद्यातल्या लोकांचा हा क्लब. ज्याचा मान करायचा त्यालाच मधोमध बसवायचं, आपल्यातल्यांनी एकेक करून उठून त्याची सालं काढायची, आणि शेवटी माइक त्याच्या हातात द्यायचा. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. उत्तर द्यायची पाळी नसेल तर तो सन्मान राहत नाही, भरल्या लोकांत केलेला पाणउतारा होतो. शिवाय तिथले सगळे नट आणि विनोदवीर. ऐकून घेणं हाही त्यांचा व्यवसायच, दुसऱ्या दिवशी ते आपापल्या घरी. माझा दादा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर चहा घेत बसणार होता, आणि ज्यांच्यासमोर मी बोलणार ते लोक त्याला पुढची तीस वर्षं लग्नकार्यात भेटणार होते.

आपल्याकडे हे मुळीच नाही असंही नाही. शिवोलीच्या जागरात नाताळानंतरच्या सोमवारी हिंदू आणि ख्रिस्ती मिळून रात्र जागवतात, आणि त्यात सोंगं घेऊन गावातल्याच माणसांच्या खोड्यांवर बोट ठेवलं जातं. तियात्र या कोंकणी नाटकात दोन अंकांच्या मध्ये कांतार म्हणजे गाणं म्हणणारा गडी मंत्र्यासंत्र्यांना सोडत नाही. आजीला मी एवढंच सांगितलं की जागरात जसं करतात तसं, पण फक्त दादाचं. ती म्हणाली, मग कर, पण तो तिथून उठून जाता कामा नये.

आजीच्या या एका वाक्यावर मी भाषण बांधलं.

सगळ्यात आधी दादाला विचारलं. भाषण दाखवलं नाही, विनोद सांगितले नाहीत, फक्त एक प्रश्न विचारला, "कशावर बोललेलं तुला चालणार नाही?" बरेच जण हे विचारत नाहीत. त्यांना वाटतं, विचारलं की गंमत गेली. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याच्यावर बोलायचं त्याच्या तोंडून हद्द कळली की हद्दीच्या आतलं सगळं रान मोकळं मिळतं, आणि उभं राहिल्यावर आवाज कापत नाही. दादा स्कूटरची चेन साफ करत होता. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मॅथ्स थ्रीवर बोल, हवं तेवढं बोल. ट्रकवर नको."

ट्रकचं सांगायला हवं. बाबांचा टिपर ट्रक खनिजावर होता. डिचोलीच्या बाजूच्या निम्म्या घरांचं तेच होतं. कुणाचा ट्रक, कुणाची बार्ज, कुणाचं गॅरेज, कुणाचा नुसता चहाचा गाडा. 2012 साली खाणी एकदा बंद पडल्या, पुन्हा थोड्याफार सुरू झाल्या. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लीजांची नूतनीकरणं रद्द केली आणि 16 मार्चपासून खोदकाम थांबलं. ट्रक दारात उभा राहिला. त्याच्यावर पावसाळे गेले, टायरांना भेगा पडल्या, बाबा दर रविवारी इंजिन तेवढं चालू करून बंद करायचे. शेवटी तो मिळेल त्या किमतीला विकला आणि ते पैसे दादाच्या फीला लागले. मॅथ्स थ्रीमुळे दादाचं एक सेमिस्टर जास्त गेलं. त्या सेमिस्टरची फीही त्याच पैशातून गेली.

म्हणजे एकाच गोष्टीला दोन बाजू होत्या. दादा पुन्हा पुन्हा नापास झाला ही बाजू त्याची स्वतःची. तो मित्रांत तिच्यावर हसायचा, त्यामुळे तिच्यावर मी हसले तर चालण्यासारखं होतं. त्या नापासाची किंमत बाबांनी दिली ही बाजू त्याची एकट्याची नव्हती, आणि तिच्यावर तो कधी कुणासमोर हसलेला मला आठवत नाही. विनोद कशावर करावा याची माझी खूण हीच झाली. माणूस ज्याच्यावर स्वतः हसलेला आपण ऐकलाय, ते घ्यायचं. त्याची उंची, पातळ होत चाललेले केस, मोडलेलं प्रेम, नोकरीचं अजून नक्की न झालेलं, यांतलं काहीही तो हसत सांगत नव्हता. म्हणून ते माझ्या वहीत आलंच नाही.

आता मॅथ्स थ्री. दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर, त्यात लाप्लास ट्रान्सफॉर्म. मी पहिल्यांदा लिहिलं ते असं होतं: "दादा मॅथ्स थ्रीमध्ये इतक्या वेळा नापास झाला की पेपर काढणारे सर त्याला नावाने ओळखायला लागले." वाचून पाहिलं तर बरं वाटलं, पण हे कुठल्याही भावाला, कुठल्याही विषयाला लागू पडतं. ज्या वाक्यात दादाचं नाव काढून शेजारच्या मुलाचं घातलं तरी चालतं, ते वाक्य दादाबद्दल नाहीच. मग मी लाप्लास कोण ते पाहिलं. फ्रेंच गणिती, 1827 साली वारला. हे साल हाती लागलं आणि विनोद सापडला:

"लाप्लास नावाचा एक मोठा फ्रेंच गणिती होता. 1827 साली वारला. आपण आपल्या आज्या-पणज्यांचं श्राद्ध वर्षातून एकदा घालतो. आमच्या दादाने लाप्लासचं दर सहा महिन्यांनी घातलं. चौथ्या खेपेला कावळा शिवला."

यात मला आवडलं ते असं की लाप्लास ठाऊक नसलेल्यालाही सगळं कळतं. मेलेला माणूस, श्राद्ध, सहामाही परीक्षा, शेवटी कावळा. दादाच्या कॉलेजातल्या पोरांना लाप्लास माहीत, आजीला कावळा माहीत, आणि दोघं एकाच शब्दावर हसणार. घरच्या कार्यक्रमात हेच अवघड असतं. पुढच्या ओळीत ऐंशीच्या घरातली आजी, मागे बाविशीतली पोरं, मधे रत्नागिरीहून आलेले मामा आणि शेजारचं ख्रिस्ती कुटुंब. फक्त मित्रांना कळणाऱ्या गोष्टीवर मागची ओळ हसते, आणि पुढची ओळ एकमेकींकडे बघते. ज्या गोष्टीला सगळ्यांसाठी दोन वाक्यांची ओळख देता येत नाही, ती मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच बरी.

स्वयंपाकघरात आईला म्हणून दाखवलं. आई खोबरं किसत होती, ती खळखळून हसली. मग किसणी थांबली. म्हणाली, "धाकट्या आत्याकडे अजून वर्ष झालेलं नाही गो."

आत्याचे यजमान गेल्या पावसाळ्यात गेले होते. आत्या पार्टीला येणार होती, आणि दादा तिचा लाडका, म्हणजे पहिल्याच ओळीत बसणार होती. कावळ्यावर सगळं अंगण हसत असताना एक बाई मान खाली घालून बसली असती. बाकीच्यांना ते दिसलं असतं आणि हसू तिथेच विरलं असतं. विनोद चांगला होता, त्या अंगणात तो चालणार नव्हता. रोस्ट लिहिणाऱ्याने पाहुण्यांची यादी हातात घेऊन भाषण एकदा वाचावं, प्रत्येक नावाशी थांबून. कुणाच्या घरी काय झालंय, कुणाचा मुलगा याच वर्षी नापास झालाय, कुणाचं लग्न मोडलंय. आपला बाण दादाकडे सुटलेला असतो, पण वाटेत कोण बसलंय ते पाहायलाच हवं.

सांगाडा तोच ठेवला, श्राद्ध काढलं. लाप्लास पुन्हा पुन्हा येतो हे तर तसंच होतं. मग आपल्याकडे पुन्हा पुन्हा येणारं, सगळ्यांच्या ओळखीचं आणि आनंदाचं असं काय? चवथ. नवी ओळ अशी झाली:

"आमच्याकडे गणपती वर्षातून एकदा येतो आणि दीड दिवस राहतो. लाप्लास वर्षातून दोनदा यायचा आणि सहा महिने राहायचा. चौथ्या खेपेला एकदाचं झालं त्याचं विसर्जन."

इथेही शब्दांच्या जागेवर वेळ गेला. आधी "त्याचं विसर्जन चौथ्या खेपेला झालं" असं होतं. हसू येतं ते विसर्जन या शब्दावर. तो मधे आला की लोक हसायला लागतात आणि वाक्याची शेपटी वाया जाते. "झालं" हे क्रियापद आपल्या सवयीने वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं, म्हणून मराठीत विनोद लिहिताना वाक्य मुद्दाम उलटवावं लागतं. शेवटचा शब्द स्फोटाचा, आणि त्यानंतर तोंड बंद. हसू ओसरायला लागेपर्यंत पुढचं वाक्य सुरू करायचं नाही.

दुसरा मोठा विनोद मिक्सरचा होता. एका चवथीच्या आदल्या दिवशी, ऐन वाटणाच्या वेळी, मिक्सर बंद पडला. दादाने तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उघडला, पुसला, जोडला. मिक्सर फिरायला लागला आणि वर्तमानपत्रावर एक स्क्रू उरला. आईने विचारलं, हा कुठला? दादा गंभीरपणे म्हणाला, "कंपनीने जास्तीचा दिला असणार." आईने तो स्क्रू कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवला होता आणि तो अजून तिथे होता. मी तो भाषणाला घेतला. नखाएवढा काळपट स्क्रू, डोक्यावरची चीर घासलेली. मागच्या ओळीला तो दिसणं शक्य नव्हतं, म्हणून नुसता वर धरून काम भागलं नसतं. मी तो आधी आजीच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "हा काय आहे?" आजी मोठ्याने म्हणाली, "मिक्सराचो!" हे ठरवून केलेलं नव्हतं. सगळ्या अंगणाला स्क्रू दिसला तो आजीच्या आवाजात.

बाकी तीन-चार छोट्या गोष्टी होत्या. त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. तोंडी सांगितल्या की चालतात, कागदावर कोमेजतात. क्रम मात्र नीट लावला. स्क्रू सुरुवातीला, कारण तो कुणालाही कळतो आणि लोक पटकन सैलावतात. मधे किरकोळ. लाप्लास शेवटी. लांबी पाच मिनिटं. माझ्या बोलण्याच्या वेगाने मिनिटाला शंभरेक शब्द होतात, हसण्याला आणि थांबण्याला जागा सोडायची म्हणून लिहिलं साडेचारशे शब्दांचं. ओळख मराठीत आणि दादाची उत्तरं कोंकणीत ठेवली, कारण तो बोलतोच तसा. तो कधी "कंपनीने जास्तीचा दिला असणार" असं म्हणालेलाच नाही. तो म्हणालेला "कंपनीन चड दिला आसतलो", आणि अंगणात तेच गेलं.

त्या संध्याकाळी पाऊस होताच. पत्र्यावर आषाढातली सर आली की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. आवाज चढवून उपयोग नसतो, माइक शिट्टी मारायला लागतो आणि बोलणारा भांडतोय असं वाटतं. लाप्लासची ओळख करून दिली, "1827 साली वारला" म्हटलं, आणि सर कोसळली. मी थांबले. माइक खाली केला. दादा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं की पुढे काय येणार, पण नेमकं काय ते माहीत नव्हतं. कॉलेजची पोरं आधीच हसायला लागली होती. सर ओसरेपर्यंत लाप्लास अंगणात तसाच लोंबकळत राहिला, आणि विसर्जनाची ओळ पडली तेव्हा आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिच्याकडेच पाहत होते.

विनोदानंतर वळण घ्यायचं असतं. बहुतेक रोस्ट इथे घसरतात. पाच मिनिटं नेमकं बोललेला माणूस एकाएकी "पण खरंच, दादा सगळ्यात चांगला भाऊ आहे" म्हणतो आणि टाळ्या मिळवून बसतो. ज्याच्या खोड्या इतक्या बारकाईने सांगितल्या, त्याचं चांगलंही तितक्याच बारकाईने सांगायला हवं. मी ते लाप्लासमधूनच काढलं. दादा पहिल्यांदा नापास झाला ते ऑनलाइन तासांचं वर्ष होतं. घरात लॅपटॉप एकच होता आणि माझी बारावी होती. दादाने लॅपटॉप मला दिला. तो स्वतः काच तडकलेल्या मोबाइलवर, नेटवर्कसाठी देवळाच्या मागच्या टेकडीवर जाऊन, फळ्यावरचं गणित बोटभर पडद्यावर वाचायचा. मी माइकवर एवढंच म्हटलं, "लाप्लास पहिल्यांदा आला तेव्हा लॅपटॉप माझ्याकडे होता. दादाने हे घरात कधी कुणाला सांगितलं नाही. निकालाच्या दिवशीसुद्धा नाही." यापुढे काही जोडलं नाही. विशेषणं लावली असती तर ती त्या मोबाइलपेक्षा लहान पडली असती.

मग माइक दादाच्या हातात दिला.

तो काही तयारी करून आला नव्हता. स्क्रू मागून घेतला, खिशात टाकला, म्हणाला, "हो मी आतां परत बसयतां." लोक हसले. मग मराठीत आला, कारण मामा समोर होते. म्हणाला, "हिने एक गोष्ट सोडली. मीच तिला सोडायला सांगितली होती. आता मी सांगतो. माझी फी बाबांच्या ट्रकातून आली. ट्रक विकला त्याची. त्यातलं एक सेमिस्टर मी लाप्लासला दिलं. ते पैसे मी बाबांना परत देणार आहे."

अंगण गप्प झालं. मी आईकडे बघितलं, आई बाबांकडे बघत होती. बाबा शेवटच्या ओळीत, स्पीकरच्या वायरीवर कुणी पाय देऊ नये म्हणून तिथेच खुर्ची टाकून बसले होते. ते माइकशिवाय, बसल्या जागेवरून ओरडले,

"व्याजासकट!"

ट्रकवर त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं होतं, आणि सुरुवात बाबांनी केली होती. पुढची दोन-तीन मिनिटं कुणालाच काही बोलता येईना. अंकलनी ग्लास वर केला, टोस्ट म्हणाले, व्याजाला. आई उठली आणि वडे तळायला टाकायला आत गेली.